घर रंगवून घेताना: रंगाऱ्याशी भाव, भिंतींचं माप आणि कामाची तपासणी

पुण्यामुंबईकडे फ्लॅट रंगवायला काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'काय रेट चाललाय?' रंगारी फुटाला आकडा सांगतो, आपण त्यातून दोन रुपये पाडतो आणि खूश होतो. पण पैसे खरे जातात ते दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक म्हणजे त्या रेटला ज्या चौरस फुटांनी गुणायचं ते माप, आणि दुसरं म्हणजे रंगाखाली झाकलं जाणारं काम. रंग चढल्यावर खाली पुट्टी किती लावली, घासली की नाही, प्रायमर मारला की नुसतंच पाणी फिरवलं, हे कुणालाही दिसत नाही. म्हणून या लेखात सगळा भर या दोन गोष्टींवर आहे. रंगसंगती, टेक्स्चर, फीचर वॉल वगैरे ज्याचं त्यानं बघावं.

उदाहरण म्हणून एक नेहमीचा टू बीएचके धरू: कार्पेट ५८० चौरस फूट, उंची ९ फूट, आत माणसं राहतात, भिंतींवर जुना प्लॅस्टिक पेंट.

हाताशी काय हवं

५ मीटरची टेप, वही, टॉर्च (मोबाइलचा चालेल), रुंद चिकटपट्टी, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि मार्कर पेन. कागदपत्रांत सोसायटीला द्यायचं कामाचं पत्र आणि कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत रक्कम यांचे नियम प्रत्येक सोसायटीचे वेगळे असतात, ते सेक्रेटरींना आधीच विचारून घ्या. कामगार दारात आल्यावर वॉचमननं अडवलं तर तो दिवस फुकट जातो, आणि रोजावरचा माणूस असेल तर त्याचा रोज तुमच्याच माथी बसतो.

१. आधी ओल शोधा, मग रंगारी

भिंतीला ओल असेल तर जगातला कोणताही रंग तिथे टिकत नाही. फुगवटे, सुटलेले पोपडे, हाताला लागणारे पांढरे क्षार दिसले की तो भाग खडूनं गोल करून ठेवा. शंका असेल तिथे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करून लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा.

भिंतीतून पाणी येत असेल तर आधी प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला. बाथरूमची शेजारची भिंत, वरच्या मजल्याचं संडास-बाथरूम आणि खिडकीखालचा पट्टा ही नेहमीची ठिकाणं. 'साहेब, वरून डॅम्प-प्रूफ मारून देतो, काही होणार नाही' असं रंगारी म्हणेल. आतून मारलेला थर पाणी थांबवत नाही, ते थोडं बाजूला सरकवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात फूटभर पलीकडे पोपडा येतो. गळती बंद झाल्यावरही भिंत सुकायला काही आठवडे द्यावे लागतात.

याच कारणानं जून ते सप्टेंबर काम काढू नका, कोकणपट्टीत तर नाहीच. दसरा-दिवाळीच्या आधी मात्र सगळं गावच रंग काढतं. चांगले कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर तीन घरं एकदम धरलेली असतात. दिवाळी उरकल्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा.

सुतारकाम, इलेक्ट्रिकच्या पट्ट्या फोडणं, एसीच्या पाइपचं भोक ही सगळी कामं रंगाच्या आधी संपलेली हवीत. सुतार आणि रंगारी एकाच आठवड्यात घरात आले की भुसा ओल्या रंगावर बसतो आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

२. तीन जणांना घर दाखवा, पण सगळ्यांना एकच काम सांगा

रंगारी शोधायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आपल्याच इमारतीत दोन वर्षांपूर्वी झालेलं काम. गेल्या महिन्यातलं नको, कारण नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. दोन पावसाळे काढलेली भिंत बघितली की खरं कळतं. नाक्यावरून आणलेला कारागीर हातानं उत्तम असू शकतो, पण नंतर काही निघालं तर त्याला शोधणार कुठे, एवढाच प्रश्न असतो. रंगाच्या दुकानदारानं सुचवलेला माणूसही चालतो. दुकानदाराला तुमच्याकडून माल विकायचा असतो, त्यामुळे तो अगदीच वाईट माणूस पाठवत नाही.

कोटेशन मागताना प्रत्येकाला हेच शब्द सांगा: 'जुना सुटा रंग खरवडायचा, भेगा आणि खड्डे भरायचे, लागेल तिथे पुट्टी, पेपर मारून घासाई, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. छताला पांढरा. दरवाजे वेगळे.' हे न सांगता नुसतं 'टू बीएचके रंगवायचाय' म्हटलं तर एक जण खरवडण्यासकट भाव देतो, दुसरा नुसत्या दोन हातांचा देतो, आणि दुसरा स्वस्त वाटतो.

३. काम उक्तं, फुटावर की रोजावर

रोजावर काम फक्त किरकोळ डागडुजीसाठी द्या. मोठं काम रोजावर दिलं की ते संपत नाही. उक्तं, म्हणजे सगळं मिळून अमुक रुपये, हे ऐकायला सोपं, पण मध्येच काही वाढवायचं किंवा वगळायचं झालं की हिशेबाला धरायला काहीच नसतं. फुटावरचा भाव आणि लेखी माप हे सगळ्यांत स्वच्छ.

पुढचा प्रश्न मालाचा. मटेरियलसह काम दिलं तर डोकेदुखी कमी, पण कोणता रंग येतोय यावर लक्ष हवं. फक्त मजुरीवर दिलं तर माल तुम्ही आणायचा, आणि दुकानात छापील किमतीवर घासाघीस होते ती सूट तुमची. वेळ असेल तर मी नेहमी मजुरीवरच द्या म्हणेन, कारण मग रंगात जास्त पाणी घालून काही वाचवण्यात रंगाऱ्याचा फायदा उरत नाही. एक बारीक गोष्ट: बऱ्याच कंपन्यांच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन किंवा कूपन असतं. ते त्याला घेऊ द्या, वाद घालू नका. फक्त टोकनासाठी तो गरजेपेक्षा मोठा डबा सुचवतोय का, तेवढं बघा.

४. माप: खरा पैसा इथे आहे

बरेच ठेकेदार टेप काढतच नाहीत. 'कार्पेटच्या साडेतीनपट' किंवा 'चौपट' असा अंदाज सांगतात. आपल्या घराला चौपट लावली तर ५८० × ४ = २,३२० चौरस फूट. आता टेप धरू.

एक बेडरूम ११ × १० फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४२ फूट, उंची ९, म्हणजे ३७८ चौरस फूट. छत ११०. बेरीज ४८८. याच पद्धतीनं १० × १० ची दुसरी बेडरूम ४६०, १६ × १० चा हॉल ६२८. किचन ९ × ८ चं, त्यात टाइल्सनं झाकलेला १०० चौरस फुटांचा भाग वजा केला की २७८ उरतात. पॅसेज आणि बाथरूमची छतं मिळून २५० धरा. एकूण झाले २,१०४.

यात दरवाजे-खिडक्यांची भोकंही भिंत म्हणून मोजली गेली आहेत. दरवाजा ७ × ३ चा, म्हणजे २१ चौरस फूट, आणि तो दोन खोल्यांच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंतींत मोजला जातो. या घरात अशा नऊ बाजू निघतात: १८९. बाल्कनीचा सरकता दरवाजा ५६, बेडरूमच्या दोन खिडक्या ४०, किचनची १२. एकूण २९७ वजा केले की प्रत्यक्ष रंगणारी भिंत १,८०७ चौरस फूट.

मटेरियलसह भाव समजा फुटाला ₹२० ठरला. (हा आकडा फक्त हिशेबासाठी. तुमच्या गावात, तुम्ही निवडलेल्या रंगाला, तो वेगळा असेल.) चौपटीच्या अंदाजानं बिल होतं ₹४६,४००. टेपनं मोजून ₹३६,१४०. भाव तोच, घर तेच, फरक ₹१०,२६० चा. दोन रुपये पाडून घेण्यासाठी अर्धा तास घालवण्यापेक्षा हा अर्धा तास मापात घालवा.

आता रंगाऱ्याचीही बाजू आहे. तो म्हणेल, 'ताई, भोकं वजा करू नका. चौकटीच्या कडा, खिडकीच्या आतल्या बाजू, तिथे हातानं ब्रश मारावा लागतो, वेळ तिथेच जातो.' हे खरं आहे. कडेचं काम रोलरच्या कामापेक्षा कितीतरी हळू होतं. त्यामुळे वजावट न करणं ही लबाडी नव्हे, ती एक पद्धत आहे. फक्त मग त्या पद्धतीचा भाव कमी हवा. वरच्याच घरात वजावट न करता २,१०४ नं मोजायचं असेल, तर ₹१७.२० चा भाव म्हणजे वजावट करून ₹२० चाच भाव. दोन रंगाऱ्यांची तुलना करताना कोण कसं मोजतोय हे विचारल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही.

भिंतीत बसवलेलं कपाट, ज्याच्या मागे रंग लागणार नाही, ते मात्र दोन्ही पद्धतींत वजा व्हायलाच हवं. माप दोघांनी मिळून घ्या, खोलीनिहाय वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर. काम सुरू होण्याआधी. काम झाल्यावर माप घेऊ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

५. ठरलेलं लिहून काढा

स्टॅम्प पेपरची गरज नाही, एक पान पुरतं. त्यात एवढं हवं: मापाचे चौरस फूट आणि वजावटीची पद्धत, फुटाचा भाव, त्या भावात काय काय येतं (खरवडणं, पुट्टी, घासाई, प्रायमर, दोन हात), रंगाचं पूर्ण नाव आणि शेड नंबर, दरवाजे-ग्रिलच्या ऑइल पेंटचा वेगळा भाव, फर्निचर हलवणं-झाकणं आणि शेवटची साफसफाई कुणाकडे, काम संपायची तारीख, पैशाचे टप्पे.

रंगाचं पूर्ण नाव का, तर प्रत्येक कंपनीचे स्वस्त, मधले आणि महाग असे तीन-चार दर्जाचे इमल्शन असतात. नुसतं कंपनीचं नाव लिहिलं तर सगळ्यात स्वस्त डबा आला तरी तो शब्दाला जागलेलाच ठरतो.

पैशाचे टप्पे मी असे सुचवेन: सुरुवातीला २० टक्के, पुट्टी-घासाई-प्रायमर तपासून झाल्यावर ३०, पहिला हात झाल्यावर २०, दुसरा हात आणि साफसफाईनंतर २०, आणि उरलेले १० टक्के पंधरा दिवसांनी. मटेरियलसह काम असेल तर आगाऊ रक्कम थोडी जास्त मागतील. त्याऐवजी दुकानदाराचं बिल तुम्ही थेट भरा आणि ते हिशेबातून वजा करा.

६. झाकलं जाण्याआधी बघा

प्रत्येक थर पुढचा थर चढण्याआधी बघायचा. 'प्रायमर मारण्याआधी मला दाखवा' हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा आणि सांगितल्याप्रमाणे खरंच जा.

खरवडणं: जुना रंग घट्ट आहे की नाही हे बघायला त्यावर ब्लेडनं फुलीसारखी चीर द्या, रुंद चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रा आला तर तो भाग खरवडलाच पाहिजे. नव्या रंगाचं वजन त्या कच्च्या थरावर पडलं की दोन्ही एकत्र सुटतात, आणि मग रंग वाईट होता असं आपण म्हणतो.

पुट्टी: व्हाइट सिमेंटची पुट्टी उघड्या प्लास्टरवर, भिंत ओलसर करून लावायची असते. जुन्या प्लॅस्टिक किंवा ऑइल पेंटवर ती नीट धरत नाही. आपल्यासारख्या रंगवलेल्या घरात छोट्या डागडुजीला ॲक्रिलिक पुट्टी बरी. रंगारी सगळ्या घराला एकाच गोणीतली पुट्टी जुन्या रंगावरच ओढत असेल तर थांबवा.

घासाई: हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि धुळीचं, म्हणून सगळ्यात जास्त चोरी इथेच होते. संध्याकाळी दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. पत्र्याच्या रेघा, खड्डे, उंचवटे सावलीसकट दिसतात. दिसेल तिथे पेन्सिलनं फुली मारा. (मार्कर नको, तो रंगातून वर येतो.) मग तळहात फिरवा. पांढरी भुकटी भरभरून लागत असेल तर प्रायमरआधी भिंत झाडून-पुसून घ्यायला सांगा. भुकटीवर मारलेला प्रायमर भिंतीला नाही, भुकटीला चिकटतो.

जुन्या ऑइल पेंटच्या दारांबद्दल एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. अशी दारं कोरडी घासू देऊ नका, वॉटर पेपरनं ओली घासायला सांगा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांपुरती त्यांची सोय दुसरीकडे करा.

७. रंग किती आला, किती गेला

डब्यावर 'लिटरमागे इतके चौरस फूट' छापलेलं असतं, एका हाताला की दोन हातांना तेही. समजा दोन हातांना १२० आहे. १,८०७ भागिले १२० म्हणजे सुमारे १५ लिटर. ही छापील क्षमता गुळगुळीत भिंतीची असते, खडबडीत भिंत थोडा जास्त रंग पिते. म्हणजे १५ ते १७ लिटर हे रास्त. रंगारी २५ मागत असेल तर विचारा कुठे जाणार. आणि मटेरियलसह कामात तो १० लिटरमध्येच घर उरकत असेल तर ते जास्त काळजीचं: एकतर पाणी फार झालंय किंवा दुसरा हात फक्त समोरच्या भिंतींना लागलाय.

डबे सीलबंद तुमच्यासमोर उघडले जावेत. पाणी किती टक्के घालायचं हे डब्यावर लिहिलेलं असतं, बादलीवर मार्करनं खूण करून द्या. एका शेडचा सगळा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून काढून घ्या. मशीनवर मिसळलेल्या शेडमध्ये दोन वेळांत किंचित फरक पडू शकतो, आणि तो भिंतीच्या मधोमध उठून दिसतो. डबे दोन असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच वापरायला सांगा.

दोन हातांमध्ये किती वेळ जायला हवा तेही डब्यावर असतं. सकाळी पहिला, दुपारी दुसरा हे बहुतेक इमल्शनना कोरड्या दिवसात चालतं, दमट हवेत नाही. दुसरा हात खरंच लागला का हे ओळखायचं असेल तर पहिला हात सुकल्यावर दाराच्या मागे, कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक खूण करून ठेवा. दुसऱ्या हातानंतर ती दिसायला नको.

८. शेवटची फेरी

ही दिवसा करा, ट्यूबलाइटखाली नको. खिडकीच्या बाजूनं तिरकं बघा. रोलरचे पट्टे, ओघळ, आणि जिथे ब्रशचं काम रोलरला मिळतं तिथली गडद चौकट शोधा. छत आणि भिंतीची रेघ सरळ आहे का बघा. मग ज्या जागा कुणीच बघत नाही त्या: दारामागे, कपाटाच्या वर, पडद्याच्या रॉडमागे, स्विचबोर्डच्या कडा, खिडकीच्या खालची कड. तिथलं काम नीट असेल तर बाकीचं असतंच. फरशीवरचे आणि खिडकीच्या काचेवरचे ठिपके कामगार असतानाच काढून घ्या, वाळलेला रंग नंतर तुम्हालाच खरवडावा लागतो.

उणिवांची यादी एकदाच, सगळी मिळून द्या. रोज एक काढत बसलात तर रंगारी कंटाळतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो.

पंधरा दिवस भिंती धुऊ-पुसू नका, रंग पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. या काळात कुठे बुडबुडा किंवा भेग आली तर फोटो पाठवून दुरुस्त करून घ्या आणि मगच राखून ठेवलेले १० टक्के द्या. काम ठरल्याप्रमाणे झालं असेल तर ते पैसे ठरलेल्या दिवशी, त्यानं मागण्याआधी द्या. पुढच्या वेळी फोन उचलला जाईल. प्रत्येक शेडचा अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यावर खोलीचं नाव, शेड नंबर आणि तारीख लिहा.